पत्र्याखालचा पत्रा

"वर दख. आभाय नही, पाऊस नही, मंग हाई पानी कोठून टपकी ऱ्हायनं?"

अक्का ओरडत होती. माझी ही थोरली बहीण ओरडली की दोंडाईचा स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नलची वाट न बघता सुटते, असं मी चार जिल्ह्यांत सांगत आलोय आणि आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र तिच्या आवाजात रडणं मिसळलेलं होतं, म्हणून मी मस्करी गिळली आणि वर पाहिलं.

फेब्रुवारीतली गार सकाळ. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, आणि आत शेडमध्ये पावसाळा. पत्र्यातून चहाच्या रंगाचे थेंब सावकाश खाली येत होते आणि बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, चळतीवर बरोबर नेम धरून पडत होते. ज्वारीचा घाटा शिजवायचा, लसूण-तीळ घालून ओल्या कपड्यावर थापायचा, उन्हात वाळवायचा, असं महिनाभर अक्का आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या सात बायका करत होत्या. सगळा माल त्या शेडमध्ये होता. लग्नसराईच्या आधी तो दुकानांत पोहोचला नाही, तर पुढच्या वर्षी कुणी तिच्या दारात येणार नव्हतं. वरच्या चळतीला हिरवट केस फुटले होते. अक्काने एक बिबडा उचलला, वास घेतला आणि माझ्या हातात ठेवला.

आता ते छप्पर कुणाच्या हातचं, हे सांगायला हवं. पत्रे आणि त्यांना पेलणाऱ्या लोखंडी कैच्या बसवणं हाच माझा धंदा, धुळ्यात. मी वाऱ्याचा वास घेऊन सांगतो की कुठल्या गावात कुणाचा पत्रा उडणार आहे. एकदा तर पत्रा उडायच्या आधीच मी तो शेजारच्या शेतात झेलला होता. तर अक्काच्या शेडवरचे जुने नालीचे पत्रे गंजून पापडासारखे झाले, तेव्हा मी स्वतः येणार होतो. पण पिंपळनेरला एका मंगल कार्यालयाचं काम अडकलं, आणि मी अक्काकडे उस्तादांना पाठवलं.

उस्ताद म्हणजे ज्यांनी मला शिडी धरायला शिकवलं ते. धुळ्यातल्या आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री, त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका घराच्या गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवायला निघालो होतो, तेव्हा त्यांनी खालून माझा पायजमाच ओढला होता. मग जमिनीवर बसवून शिकवलं. कैची एका पत्र्याचं ओझं पेलायला केलेली असते, दोन पत्र्यांचं नाही. खालचा सडका असला तर वरच्या पत्र्याचा स्क्रू लोखंडात धड बसत नाही, आणि खालचं लोखंड किती खाल्लं गेलंय हे बघायलाही मिळत नाही. दोघांच्या मध्ये ओल शिरली की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. आधी सगळं उघडं करायचं, कैच्यांवरचे आडवे पाईप बघायचे, कमजोर असेल तो बदलायचा, मग नवा पत्रा. हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, आणि शेवटी दर वेळी जोडत आलो की हे माझ्या उस्तादांनी शिकवलंय.

ऑक्टोबरात काम झालं तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, जुना माल सगळा उतरवला. मी येऊनही गेलो. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. उस्तादाने बांधलेल्या छपराखाली चेल्याने मान वर करून बघायचं नाही. तो अपमान. खाली मान घालून चहा प्यायचा आणि छान झालं म्हणायचं. मी तसंच केलं. वरून ताज्या चांदी रंगाचा वास येत होता, म्हणजे पत्र्याला आतून रंगही मारलेला होता. म्हातारा किती काळजीने काम करतो, असं मनात म्हणून मी दुसरा कप मागितला.

आता वर चढलो. कडेला एक पट्टी खाली वाकवून नीट ठोकलेली होती, इतकी सुबक की मला तिचं कौतुक वाटलं असतं. पट्टी सोडवली आणि तिच्यामागून घाण पाण्याची धार माझ्या बाहीत शिरली. आत दुसरा पत्रा होता. जुनाच, खालून चांदी रंग फासलेला. मी सरळ पुढचे चार पत्रे उघडले. जुन्या बोल्टांची डोकी ग्राइंडरने उडवलेली आणि भोकं तशीच उघडी. दोन पत्र्यांच्या मध्ये निंबाचा पाला, कबुतरांची घाण आणि धूळ, सगळं भिजून चिखल झालेलं. नव्या पत्र्याच्या पोटाला पांढरी भुकटी आली होती. मला काही समजायचं राहिलं नाही. बायका पहाटेपासून घाटा शिजवतात, वाफ उघड्या भोकांतून वर जाते, गार पत्र्याखाली तिचं पाणी होतं, आणि ऊन तापलं की त्याच भोकांतून परत बिबड्यांवर. पाऊस अक्काच्याच चुलीतून निघत होता. मधल्या आडव्या पाईपाला पोट सुटलं होतं. वळवाचा एक सोसाटा आला असता तर खाली बसलेल्या सात बायकांवर काय आलं असतं, त्याची अतिशयोक्ती करायचं धाडस मला अजून होत नाही.

खाली उतरलो तर अक्का हळू आवाजात म्हणाली, "तुन्हा उस्तादले पाहीसन नही ना भाऊ. तू म्हणना व्हता, मन्हा माणूस शे. मी तुले पाहीसन काम देलं व्हतं."

मी पाना उचलला आणि उरलेले पत्रे सोडवायला परत वर चढलो.

चार दिवस लागले. पत्र्यांचे दोन्ही थर उतरवले, वाकलेला पाईप बदलला, नवे पत्रे उलटे करून उन्हात वाळवले आणि भुकटी घासून पुन्हा बसवले. धुराड्याजवळ वाफेला बाहेर पडायला जाळी ठेवली. चळतीतला वरचा अर्धा माल बायकांनी टोपल्या भरभरून उकिरड्यावर टाकला. एकीनेही मला शिवी दिली नाही, त्यानेच जास्त लागलं. उरलेला अक्काने रोज उन्हात घालून वाळवला. दुकानदारांना तिने खरं सांगितलं. त्यांनी यंदा दुसरीकडून माल घेतला.

मग मी धुळ्याला गेलो. बसमध्ये भाषण तयार केलं. पायजम्यापासून सुरू होऊन बिबड्यांवर संपणारं, ऐकून दगड वितळला असता. उस्ताद दुकानाबाहेर खाटेवर बसून जुने स्क्रू निवडत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ओलीचं, पाईपाचं, अक्काचं. माणसं मिळाली नाहीत का, पाठ दुखत होती का, मला एक फोन का केला नाहीत, असं मीच एकेक कारण त्यांच्या हातात देत गेलो. एक तरी त्यांनी घ्यावं म्हणून. शेवटी विचारलं, माझ्याच बहिणीच्या छपरावर का?

त्यांनी हातातला स्क्रू डब्यात टाकला.

"फक्त तुमच्याकडे नाही," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षं झाली, सगळीकडे असाच टाकतो."