कृत्तिकेचा दुसरा चरण

आमची चंदना दिसायला देखणी, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. मी तिची चुलत बहीण. कसबा बावड्यात एकाच अंगणात वाढलो, म्हणून ठासून सांगते, तिचं वाटोळं शनीनं केलेलं नाही.

१९९८च्या मे महिन्यात तिचं लग्न जयसिंगपूरच्या नेमिनाथशी झालं. बियाण्यांचं दुकान, वर राहतं घर, घरात सासू बनाबाई. दिवाळीत गोदामाला आग लागली. पुढच्याच महिन्यात नेमिनाथ मोटारसायकलवरून पडला आणि हात मोडून घेतला. मग काय, गाडी नव्या सुनेच्या पायगुणावर आली.

चंदनाचं नक्षत्र कृत्तिका, एवढं बनाबाईंना लग्नाच्या बोलणीपासून ठाऊक होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात मेष राशीपुढं अश्विनी, भरणी, कृत्तिका असं छापलेलं. शनी त्या वर्षी मेषेतच होता. झाला निकाल! पत्रिका मागवायची तसदी कोण घेतो? अण्णांनाही घरातली पत्रिका कुणाला दाखवायचं सुचलं नाही.

“शनी हिच्या चंद्रावरच बसलाय, त्योबी नीचीचा,” त्या अण्णांना, म्हणजे चंदनाच्या वडलांना, म्हणाल्या. “साडेसाती सुटंपतोर पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. मग आम्ही येऊन न्हेतो.”

नेमिनाथ शेजारीच बसला होता. गळ्यात प्लास्टरचा हात, तोंडात सुपारी. मला त्याचा आजही राग येतो.

शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. जन्माच्या चंद्राची रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी तो ओलांडेपर्यंत साडेसाती. मेषेची सुटायची २००२च्या जुलैत, शनी वृषभेतून निघाल्यावर. चंदना शिलाई मशीन चालवत थांबली. शनिवारी उपास, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, शनीच्या पीडेसाठी मुनिसुव्रतनाथांचा अभिषेक. बायका विचारायच्या, “अजून हितंच व्हय?” ती हसून ब्लाउजचं माप घ्यायची.

जुलै उजाडला तशी तिनं ट्रंक भरली. पाठवणीचा दिवस काढायला अण्णा तिची पत्रिका घेऊन शिरोळच्या म्हाताऱ्या उपाध्यांकडं गेले. मी सोबत होते. उपाध्यांनी जन्मवेळ पाहिली, चंद्राचे अंश मांडले आणि चष्मा काढला.

“मेष कुणी सांगितली? कृत्तिकेच्या चार चरणांतला पयलाच तेवढा मेषेत, बाकी तीन वृषभेत. हिचा दुसरा हाय. रास वृषभ.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. वृषभेत चंद्र उच्चीचा, त्यातही हिचा अगदी परम उच्चाजवळ. शुद्ध पक्षातला, भरत चाललेला, वर गुरूची दृष्टी. वृषभेचा स्वामी शुक्र आणि शनी मित्र. असा चंद्र असला की साडेसाती राबवून घेते, घात करत नाही. नेमिनाथचीही पत्रिका लग्नाच्या बोलणीत आलेली, कुणी न उघडलेली अण्णांकडं होती, ती त्यांनी पुढं केली. मेष रास त्याची निघाली! वद्य चतुर्दशीचा क्षीण चंद्र, गुरूचा आधार नाही, स्वामी मंगळ शनीचा वैरी. नीचीचा शनी बसला होता तो त्याच्या चंद्रावर.

“आग त्याच्या पत्रिकेत हाय, पोरीच्या न्हाय,” उपाध्ये म्हणाले. “पर हिची अजून चालू हाय. मेषेत शनी आला तवा कुठं सुरू झाली. शनी मिथुनेतनं कायमचा निघंल तवा सुटंल, दोन हजार पाचच्या मे अखेरीस.”

अण्णांना वाटलं, पोरगी निर्दोष सुटली. भोळा माणूस! आनंदानं जयसिंगपूरला जाऊन सगळं सांगून बसले. बनाबाईंनी हवं तेवढंच उचललं.

“म्हंजे अजून तीन वरसं हाय की!”

“आणि जावईबापूंची?” अण्णांनी विचारलं.

“बाप्या माणसाच्या राशीनं कुठं घर बुडतंय व्हय?”

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. अण्णा त्या दिवसापासून खचले, पुढच्या वर्षी गेले. शनीला वाहायच्या तिळा-तेलात आणि लोकांच्या तोंडात चंदनाची ऐन उमेद गेली. पोटी मूल हवं म्हणायची, तेही म्हणेनाशी झाली.

२००५च्या मे अखेरीस शनी कर्केत गेला. त्याच आठवड्यात नेमिनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. केस पिकलेले, पोट सुटलेलं.

“सुटलीस बघ,” तो म्हणाला. “चल आता. आईनं अंथरूण धरलंय. करणारं कोण न्हाय.”

चंदनानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. “त्यांची रास कंची?”

“कर्क,” तो म्हणाला. “शनी आताच चंद्रावर आलाय. मधली अडीच वरसं.”

“मग त्यांना धाडा की त्यांच्या माहेराला,” चंदना म्हणाली. “साडेसाती सुटंपतोर.”

ती ब्लाउजची बाही जोडत बसली. पेढ्यांचा पुडा तिनं त्याच्याच पिशवीत घातला आणि दार लावून घेतलं.