पाहुण्यांनी उघडलेला शॉवर

मुलगी दहावीला आली तरी सासूबाईंच्या घरात जावई अजून पाहुणेच होते. बल्ब बदलायला स्टुलावर चढले, की सासूबाई ओरडत, "अहो, उतरा खाली! पाहुण्यांनी कशाला?" दिवसभर दुकानात चष्म्यांचे बारीक स्क्रू बसवणाऱ्या माणसाला घरी खिळा ठोकायचीही परवानगी नव्हती. बाहेरून हे सुख दिसतं. आतून ते लॉजवर राहण्यासारखं असतं, फक्त निघायची तारीख नसते.

मग शॉवर बिघडला. एक धार आरशावर, एक थेट कानात, एक दाराबाहेरच्या टॉवेलवर. उरलेली भोकं रुसून बसलेली. बायको डोक्यावर फेस घेऊन बाहेर आली. "केस धुवायला मला आत नाच करावा लागतो!"

"पंप गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "प्लंबरला बोलावते."

मागच्या वेळी प्लंबर गळती शोधत अर्धी भिंत फोडून गेला होता. जावई धीर करून म्हणाले, "पण खालच्या नळाला धो धो पाणी येतंय. पंप कसा जाईल? पाणी जड आहे, शॉवरची भोकं क्षारांनी बुजलीत."

"तुम्ही बसा. चहा घ्या."

सासूबाई भाजी आणायला गेल्या आणि जावयांनी पाना काढला. ओरखडा नको म्हणून नटाला फडकं गुंडाळलं, शॉवर उतरवला. चाळणीवर पांढरी खपली, जुन्या किटलीच्या तळासारखी. हाताला लागलं त्या पातेल्यात कोमट पाणी आणि व्हिनेगर ओतून त्यांनी शॉवर उपडा बुडवला. बारीक बुडबुडे निघू लागले. तासाभरानं दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं, हट्टी भोकांत सुई घातली आणि शॉवर परत बसवला.

धारा सरळ आल्या. पण आजारी माणसाच्या आवाजासारख्या क्षीण. पंप खरंच गेला असेल तर? सासूबाई बरोबर निघाल्या, तर पुढचा सगळा जन्म चहा पीतच काढावा लागणार.

त्यांनी शॉवर पुन्हा काढला. मानेतल्या वॉशरमागे छोटी जाळी होती, पांढऱ्या खपल्यांनी गच्च भरलेली. तिलाही व्हिनेगरची आंघोळ घातली, ब्रश मारला. पाइपच्या आट्यांना टेप गुंडाळून शॉवर आवळला आणि नळ सोडला.

पाणी असं कोसळलं की जावई कपड्यांसकट भिजले. दारात भाजीची पिशवी घेऊन सासूबाई उभ्या.

त्यांनी शॉवर पाहिला, जावई पाहिले, मग पातेलं पाहिलं.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात? बाथरूमचा शॉवर? अक्कल गहाण टाकलीत का? आणि ही फरशी कोण पुसणार, मी?"

इतकी वर्षं त्या घरात त्यांना कोणी असं झाडलं नव्हतं. जावई ओल्या बनियनमध्ये उभे राहून मनापासून हसले. बायकोला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"हसताय काय?" सासूबाई कडाडल्या. "फरशी पुसा, पातेलं घासा. आणि पाना हातात आहेच, तर बेसिनचा नळ गळतोय, तोही बघा. मोरीचं दार घासतंय. माळ्यावरचा पंखा..."

यादी संपेना. चहाचं नाव कोणी काढलं नाही.