पीएच नऊचा बफर आणि पाच गुण

सगळं कॉलेज त्यांना घनमूळ सर म्हणायचं. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की घनमूळ सर. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. रसायनशास्त्राच्या तासाला कुणी कॅल्क्युलेटर बाहेर काढला की त्यांचं डोकं फिरायचं. घनमूळ कागदावर, हाताने काढायचं, हा त्यांचा हट्ट. खडू घेऊन ते फळ्यावर असे काही सरसावायचे, की मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीसुद्धा डोळे उघडून बघायची.

या हौसेमुळेच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड त्यांचं लाडकं. पांढरीशुभ्र, दिसायला साधी पूड. पाण्यात टाकली तर पाणी नुसतं दुधाळ होतं, विरघळते अगदी नावापुरती. ती किती विरघळते हे शोधायला बसलं, की गणिताच्या शेवटी घनमूळ हमखास हजर. त्यामुळे दरवर्षीच्या पेपरात हा प्रश्न असायचाच. पहिला भाग: शुद्ध पाण्यात किती विरघळेल? दुसरा भाग: पीएच बाराच्या, म्हणजे चांगल्या कडक अल्कलीच्या, कॉस्टिकच्या द्रावणात किती? शुद्ध पाण्यापेक्षा जास्त की कमी, आणि का? दुसऱ्याचं उत्तर सरळ होतं. त्या द्रावणात हायड्रॉक्साइड आधीच खचाखच भरलेलं, मग नव्याला जागा कुठली? म्हणून कमी.

बरीच वर्षं हे सुखाने चाललं. पण जुन्या वह्या नव्या मुलांकडे फिरतात, उत्तरं पाठ होतात. म्हणून एका वर्षी सरांनी दुसऱ्या भागात फिरवाफिरव केली. पीएच बारा खोडून तिथे लिहिलं, ‘पीएच नऊचा बफर’. बफर म्हणजे आपला पीएच सहसा न सोडणारं द्रावण. त्यात काही टाकलं तरी ते नऊला नऊच राहणार. प्रश्न बदलला, पण तपासण्यासाठी काढून ठेवलेलं आदर्श उत्तर मात्र तेच राहिलं: ‘कमी, कारण हायड्रॉक्साइड आधीच हजर.’ बारा काय अन् नऊ काय, दोन्ही सातच्या वरचे, दोन्ही अल्कलीच, असा त्यांचा हिशेब. खरं सांगायचं तर हिशेब नव्हताच. त्या भागात घनमूळ येत नव्हतं, साधा भागाकार होता, आणि साध्या भागाकारात सरांना काडीचा रस नव्हता.

पेपर तपासताना सतरा नंबरने लिहिलं होतं: बफरमध्ये जास्त. शुद्ध पाण्याच्या सुमारे अकराशे पट. सरांना हसू आलं. त्यांनी लाल शाईने भली मोठी फुली मारली, पाचांपैकी शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, ‘अल्कलीत अल्कली जास्त विरघळेल? विचार करा.’

सतरा नंबर म्हणजे एक मुलगी. सर मुलांना हजेरीच्या नंबरानेच ओळखायचे. किडकिडीत, बारीक अक्षराची, प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी काचेची भांडी धुऊन ठेवणारी. त्या वर्षी एका संशोधन संस्थेने कॉलेजला एकच नाव मागितलं होतं. ज्याचं नाव जाईल त्याचं पुढचं पाच वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं संस्थेकडे. नाव ठरणार होतं रसायनाच्या याच पेपरवर. सतरा नंबर दुसरी आली, पहिल्यापेक्षा तीन गुणांनी मागे.

शुक्रवारी दुपारी ती उत्तरपत्रिका घेऊन आली, तेव्हा सर शिक्षकांच्या खोलीच्या दारात चहा पीत उभे होते. सोबत भौतिकशास्त्राचे दोघे आणि गणिताच्या बाई. मुलीने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, “सर, शुद्ध पाण्यात ती पूड स्वतःच पाण्याला अल्कली करते. थोडी विरघळली की पाण्याचा पीएच साडेदहाच्या घरात जातो आणि पुढचं विरघळणं तिचं तिलाच जड जातं. बफर तिला तसं करू देत नाही. तो नऊवरच राहतो, म्हणजे पाण्यातल्यापेक्षा हायड्रॉक्साइड तीसेक पट कमी. मग जास्तच विरघळणार ना? साडेदहाच्या वरचा बफर असता तर कमी म्हटलं असतं मी.”

एवढं सरळ सांगितल्यावर शहाणा माणूस निदान कागद तरी हातात घेतो. पण शेजारी तिघं जण कान टवकारून उभे होते, आणि घनमूळ सरांचं नाक तेव्हा जरा वरच असायचं. ते म्हणाले, “सातच्या वर अल्कली असते हे शाळेत शिकवतात. आता तुम्ही मला शिकवणार का?” भौतिकवाले हसले. मुलीने पेपरची नीट घडी घातली. जाताना तिने फक्त एवढंच सांगितलं की घरी पाठच्या दोन बहिणी आहेत, नाव गेलं नाही तर तिला नोकरी धरावी लागेल, म्हणून ती विचारायला आली. सरांनी हात झटकले आणि उरलेला चहा संपवला.

संध्याकाळी घरी मात्र चैन पडेना. जेवायच्या आधी त्यांनी कागद घेतला. शुद्ध पाणी: घनमूळ काढलं, लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅम. मग तो साधा भागाकार केला, आयुष्यात पहिल्यांदाच. पीएच नऊला लिटरमागे साडेदहा ग्रॅम. त्यांना वाटलं दशांशचिन्ह चुकलं. पुन्हा केला. तेच आलं. पीएच बाराला करून पाहिलं तर खरंच फार कमी, शुद्ध पाण्याच्या जवळजवळ हजारावा भाग. म्हणजे जुना प्रश्न बरोबर, जुनं उत्तर बरोबर, आणि प्रश्नातला एक आकडा बदलून जुनंच उत्तर वापरणारा तेवढा गाढव.

बायकोने विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं. ती शाळेत शिकवायची, तिला मार्कांचं दुःख कळत होतं. ती म्हणाली, उद्या सकाळी जा आणि दुरुस्त करा, त्यात काय आहे? तुमच्या डोक्यावरचा मुकुट पडणार आहे का? सर म्हणाले, जातो.

शनिवारी ते सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेले. अजूनही एक वेडी आशा होती, की कागदावर काहीही येवो, भांड्यात तसं होणार नाही. दोन चंचुपात्रं घेतली. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात अमोनिया आणि नवसागराचा चांगला दाट बफर, पीएच नऊला बसवलेला. दोन्हींत सारखीच चिमूटभर पूड. काचेच्या कांडीने ढवळलं. पाण्याचं दूध झालं आणि दूधच राहिलं. बफरमधलं दूध आधी पातळ झालं, मग धुरकट, आणि थोड्या वेळाने भांड्यापलीकडच्या बाटलीवरचं लेबल आरपार वाचता येऊ लागलं. अमोनियाचा वास नाकात जात होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्या वासानेच, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दोन्ही पात्रं धुऊन ते प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते: प्रश्नात जरा गोंधळ झाला, दुसऱ्या भागाचे गुण पुन्हा बघावे लागतील. दारातच प्राचार्य म्हणाले, बरं झालं आलात, यादी दुपारी पाठवायची आहे, तुमची सही राहिलीय. टेबलावर कागद होता, त्यावर पहिल्या आलेल्याचं नाव. शेजारी कालचेच दोघे भौतिकवाले बसले होते. एकाने हसत विचारलं, काय, कालच्या तुमच्या शिक्षिकाबाई परत आल्या होत्या का?

सरांनी सही केली.

दोन मिनिटांचं काम होतं ते. तोंड उघडायचं, एक दिवस चेष्टा ऐकायची, संपलं. पण हा माणूस मूग गिळून बसला. बायकोने संध्याकाळी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, यादी आधीच गेली होती. तिने पुढे काही विचारलं नाही. खोटं तिला कळलं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी आदर्श उत्तर गुपचूप बदललं. ‘जास्त, कारण बफर पीएच वाढू देत नाही.’ मग दरवर्षी साठ-सत्तर मुलं हे लिहायची आणि सर त्यांना पाचांपैकी पाच द्यायचे. प्रत्येक पाचावर त्यांचा पेन क्षणभर अडायचा. घनमुळाची हौसही हळूहळू उतरली. मुलांनी कॅल्क्युलेटर काढला तरी ते बघून न बघितल्यासारखं करू लागले. नाव तेवढं राहिलं.

त्या सहीनंतर चौदा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्यांनी कॉलेजच्या जुन्या रजिस्टरातून पत्ता शोधला. ती त्याच घरात होती. एका माल पोचवणाऱ्या कंपनीत पार्सलं नोंदवायचं काम करायची. दोन्ही बहिणी शिकून मार्गी लागल्या होत्या. तिने सरांना लगेच ओळखलं, खुर्ची दिली, पाणी आणलं. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. अजूनही बोलणं तसंच, हळू आणि नेमकं.

सरांनी प्रस्तावना केली नाही, तेवढी तरी अक्कल आता आली होती. म्हणाले, “त्या पेपरात तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.”

ती हसली, आणि ते हसणं अगदी मनापासूनचं होतं. म्हणाली, “माहीत आहे सर. दोन वर्षांनी धाकटी तुमच्याच वर्गात होती. तिच्या वहीत बरोबर उत्तर होतं, तुम्हीच सांगितलेलं. ते वाचून फार बरं वाटलं होतं मला. म्हटलं, सरांना उशिरा का होईना, कळलं. माणूस चुकतो. तेव्हा त्यांना कळलंच नव्हतं, तर ते तरी काय करणार?”

सर गप्प बसून निघून आले असते तरी चाललं असतं. तिने वाट स्वतःच मोकळी करून दिली होती. मग तिने सहज विचारलं, “यादी गेल्यावर लक्षात आलं असेल ना?”

“नाही,” सर म्हणाले. “आदल्या संध्याकाळी. सकाळी प्रयोगशाळेत करूनही बघितलं. मग यादीवर सही केली.”

आतल्या खोलीत पंख्याचा कटकट आवाज येत होता. तिने त्यांच्या पुढ्यातला रिकामा पेला उचलला, आत जायला वळली आणि दारातच थांबली.

“चौदा वर्षं मी तुमची बाजू घेत आले सर,” ती म्हणाली. “घरी कुणी तुम्हाला नावं ठेवली, तर मी भांडायची.”

ती आत गेली, आणि सर चपला घालून बाहेर पडेपर्यंत परत आली नाही.