स्क्रीनशॉट शिकवणारी बाई

अड्याळच्या वाचनालयात लोकांना स्क्रीनशॉट शिकवायचं ठरलं, तेव्हा काय बोलायचं ते सगळं मीच लिहिलं. विंडोजचं बटण दाबून ठेवा, प्रिंट स्क्रीन दाबा, पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये चित्र सापडेल. काम झालं की ते पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा, कारण संगणक सगळ्यांचा आहे. बोलायचं काम मात्र माझ्यासोबतच्या स्वयंसेविकेला मिळालं.

"भाजी ढवळताना एका हातानं चुलीवरचा गंज धरतो नं, तसं हे बटण धरून ठेव, अन् मंग ते प्रिंट स्क्रीन दाब," ती समोरच्या बाईला म्हणाली. लोक हसले आणि सगळ्यांना जमलंही. मी मागे उभा राहून ती काय विसरते याची वाट पाहत होतो. शेवटी एका मुलीच्या हॉलतिकिटाचं चित्र फोल्डरमध्ये तसंच राहिलं. मला मनापासून आनंद झाला.

"बाई, पुसायचं राहिलं," मी मोठ्यानं म्हणालो.

"राहिलं नाही, भाऊजी, तुमच्यासाठी ठेवलं. हे सारं तुम्हीच लिहून देल्लं, मंग या नं समोर!"

टाळ्या पडल्या, पण त्या तिच्या मोठेपणाला होत्या. मी पुढे गेलो, चित्र पुसलं, बिन रिकामी केली आणि कारणही नीट सांगितलं. पहिल्या रांगेतले आजोबा माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे वळले.

"बाई, हे काय म्हणून राहिले, तुम्ही सांगा बरं एकदा."

तिनं सांगितलं. त्यांना लगेच समजलं.