कडूबाई आणि व्यंकटरावांचा पंखा

मानवतच्या मोंढ्यामागं, म्हणजे कापूस-धान्याच्या बाजारामागं, फुलाऱ्यांची चार-पाच घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात कडूबाई आणि तिचा नवरा मुंजाजी राहायचे. निजामाचं राज्य होतं. गावात सरकी काढणाऱ्या जिनचा भोंगा वाजला की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि कडूबाईच्या ओसरीवरही पांढरी लव उडत यायची. पहाटेच ओवलेल्या मोगऱ्यावर ती लव बसली की कडूबाई फुंकर मारत मारत पुढचं फूल ओवायची.

तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हिला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून आईनं नाव कडू ठेवलं. ती जगली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लहानपणी लग्नघरी गेली की एखादी बाई म्हणायची, "तिला मागं बसवा, नवरीच्या म्होरं नको." आई पोरीला मांडीवर घेऊन मागं सरकायची. कडूबाईनं ते कधी कुणाला सांगितलं नाही, पण कुठल्याही कार्यात नवऱ्या मुलीच्या पाटामागची माळ ती स्वतः ओवायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

तिचं नाव झालं ते लोंबत्या आराशीमुळं. बाकीचे फुलारी दाराला तोरण बांधून मोकळे व्हायचे. कडूबाई रंगीत कागदाच्या साखळ्या करायची, त्यात मोगऱ्याचे सर गुंफायची आणि आढ्यापासून मधोमध अशा सोडायची की खाली बसलेल्याला फुलांच्या पारंब्यांखाली बसल्यासारखं वाटावं. ती खालून सांगायची, मुंजाजी शिडीवरून बांधायचा. मुंजाजी मितभाषी माणूस. "जरा डावीकडं," ती म्हणायची. "हं," तो म्हणायचा. दिवसभर त्यांचं एवढंच बोलणं व्हायचं आणि दोघांना ते पुरायचं.

जिनचे मालक व्यंकटराव यांच्या लेकीचा, विमलचा साखरपुडा चैत्र सरता सरता ठरला. मुलगा वालूरचा, घर जमीनजुमल्याचं. व्यंकटरावांनी त्या वर्षी दिवाणखान्यात छताला विजेचा पंखा बसवला होता. जिनच्या इंजिनावर डायनामो होता, तिथून बंगल्यापर्यंत तार ओढली होती. मोसम संपल्यामुळं इंजिन बंद होतं. कार्यापुरतं ते चालू करायचं होतं, म्हणून आरास चढवताना पंखा नुसता लटकत होता. काळा, जड, तीन पात्यांचा. मुंजाजीनं शिडीवर चढल्यावर त्याला आधी नमस्कार केला.

इंजिन चालवणारा लिंबाजी तेल घालायला आला होता. कडूबाईनं त्याला विचारलं, "लिंबाजीदादा, ह्या चक्राच्या किती जवळ बांधावं?"

"पात्याला लागू नये म्हंजे झालं," लिंबाजी म्हणाला. पंखा लावून त्यालाही थोडेच दिवस झाले होते.

मुंजाजीनं एक पातं हातानं धरून सावकाश पूर्ण गोल फिरवलं. जिथं सर पात्याला टेकत होता तिथून तो मागं घेतला. पुन्हा फिरवलं. कुठंच लागलं नाही. मग पंख्याभोवती गोल करून सगळे सर सोडले. ते ज्या सुतळीला बांधले होते ती सुतळी चारी कोपऱ्यांकडं नेली आणि कोपऱ्यांत व्यंकटरावांच्या घरचे निळे, पिवळे काचेचे गोळे अडकवले. कडूबाई दाराशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. आजवर केलेल्यात ही सगळ्यात देखणी आरास होती. तिला तसं वाटलं आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापल्यावर पाहुणे आले. विमल पाटावर बसली. वालूरची मंडळी समोर, त्यांत मुलाची आत्या बायनाबाई, घरात जिचा शब्द चालायचा ती. लिंबाजीनं जिनमध्ये इंजिन सुरू केलं आणि धावत येऊन दाराजवळचा खटका दाबला.

पंखा आधी आळसावल्यासारखा फिरला. बायका माना वर करून हसल्या. मग वेग आला आणि खाली वारा आला. त्या वाऱ्यानं सर झुलू लागले. झुलता झुलता एका सराचं टोक पात्यांकडं ओढलं गेलं आणि पात्याखाली सापडलं. पुढचं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. सर दांडीभोवती गुंडाळला, त्यानं शेजारचा ओढला, दोघांनी मिळून सुतळी ओढली. लिंबाजीनं खटका बंद केला, पण पंखा लगेच थांबत नाही. तो आपल्या जोरानं फिरत राहिला आणि सुतळी गुंडाळत राहिला. एका कोपऱ्यातला खिळा उपटला. निळा गोळा सुटून विमलच्या पाटापुढं फुटला आणि काचेचा एक तुकडा उडून तिच्या भुवईला लागला.

विमल ओरडली नाही. तिनं हात लावून पाहिला, बोटं लाल झाली.

हळद आणली, पदर फाडला, जखम दाबून धरली. ती मोठी नव्हती. पण सगळ्यांचे डोळे जखमेपेक्षा खाली पडलेल्या माळेवर होते. बायनाबाई हळूच म्हणाली, "कुंकू लागायच्या आधी रगत निघालं. माळ तुटली. हे चांगलं न्हाई." कुणीतरी मान हलवली. मुलाचे काका अनंतराव उठून व्यंकटरावांना म्हणाले, "आज राहू द्या. आमी घरी इचार करतो."

स्वयंपाकघराच्या दाराआडून कडूबाई हे ऐकत होती. मुंजाजीनं तिचा दंड धरला. "चल," तो म्हणाला. "आपण मागल्या दारानं जाऊ. मालक चिडलेत."

व्यंकटराव खरोखर चिडलेले होते. पण कडूबाईला त्या वेळी मालक दिसत नव्हते. पाटावर खाली मान घालून बसलेली विमल दिसत होती. या पोरीला आता कायमचं एक नाव चिकटणार, हे तिला कळत होतं. तसं नाव घेऊन माणूस कसं जगतं ते तिला कुणी सांगायला नको होतं.

ती आत आली आणि बायनाबाईपुढं जमिनीवर बसली.

"बाईसाहेब, अपशकुन न्हाई हो. आरास म्या केली. चूक माजी हाय."

"तू कशाला मधी येतीस?" बायनाबाई म्हणाली.

"पोरीवर येऊ नये म्हणून आले. माज्या माळा चक्राच्या लय जवळ हुत्या. बंद असताना लागत नव्हत्या, तेवढंच आमी बघितलं. वाऱ्यानं त्या हालतील हे डोक्यात आलं न्हाई. तुमच्या डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा."

व्यंकटराव काही म्हणायच्या आत लिंबाजी पुढं झाला. "मीबी बोललो व्हतो, पात्याला लागू नये म्हंजे झालं. मलाबी ठाव नव्हतं." त्यानं शिडी लावली. पंखा पूर्ण थांबल्याचं बघून, खटका बंद आहे हे पुन्हा तपासून, दांडीभोवतीचा गुंता विळ्यानं कापून काढला. तोवर मुंजाजीनं उरलेले सगळे सर सोडवून खाली घेतले. मग सगळ्यांना भिंतीकडं सरकवून लिंबाजीनं खटका दाबला.

कडूबाईनं एका लांब काठीला कागदाची साखळी बांधली आणि काठी छताशी उंच धरली. भिंतीजवळ धरली तेव्हा ती नुसती थरथरली. थोडी पुढं नेल्यावर हेलकावे घेऊ लागली. पंख्यापासून आणखी हातभर अंतर होतं तरी साखळीचं टोक उचलून पात्यांकडं जायला लागलं, तशी तिनं काठी मागं घेतली.

"ओढतंय की," अनंतराव म्हणाले.

"हां मालक. असंच ओढलं. पोरीच्या नशिबाचा काय संबंध?"

बायनाबाईनं काठीकडं बघितलं, मग विमलकडं. शेवटी ती उठली, विमलजवळ गेली आणि जखमेवरची चिंधी नीट केली. "दुखतंय का गं?" तिनं विचारलं. विमल म्हणाली, "जरा जरा." बायनाबाईनं कुंकवाचं ताट मागवलं.

साखरपुडा झाला, बिनमाळांचा.

व्यंकटरावांनी संध्याकाळी मुंजाजीला बोलावून नीट सुनावलं आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या बायकोनं माझ्या लेकीची लाज राखली." दोन्ही गोष्टी मुंजाजीनं घरी येऊन जशाच्या तशा सांगितल्या. कडूबाई पहिली ऐकून रडली.

गावानंही पहिलीच गोष्ट, तिची चूक, लक्षात ठेवली. त्या उन्हाळ्यात कुणी तिला लग्नाला बोलावलं नाही. देवळाचे हार तेवढे होते. कडूबाई त्यातच भागवायची, पण तिचे हात शिवशिवायचे. रिकाम्या वेळी ती ओसरीवर कागद कापत बसायची आणि घडी करून ठेवून द्यायची.

पुढच्या चैत्रात दुसऱ्या जिनचे मालक आबासाहेब यांच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंना चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास हवी होती. कडूबाई गेली तेव्हा तिथं छताला पंखा नव्हता, पण खिडकीला वाळ्याची ओली ताटी लावलेली होती, आणि ताटीसमोर तिपाईवर त्यांच्या जिनच्या विजेवर चालणारा टेबलपंखा, पाठ ताटीकडं करून. पंखा लावला की गार, वाळ्याचा वास असलेली हवा गौरीपर्यंत यायची.

"ताटीवरून माळा सोड," नर्मदाबाई म्हणाल्या. "बायका तिकडंच बसतील गारव्याला."

कडूबाई पंख्याजवळ गेली. "बाईसाहेब, आधी पंखा चालू करता का? मला बघू द्या."

पंखा चालू झाला. तिनं एक सुटा दोरा घेतला. पंख्यापुढं धरला तेव्हा तो लांब उडाला. पंख्याच्या पाठीमागं, ताटीच्या बाजूला धरला तेव्हा तो पात्यांवरच्या जाळीला जाऊन चिकटला. जाळीच्या तारा विरळ होत्या, दोरा आत जायला वेळ लागला नसता.

"पुढं ढकलतो, मागून ओढतो," ती मुंजाजीला म्हणाली. मग नर्मदाबाईंना म्हणाली, "हिकडं काहीच नको. कागद भिजून रंगबी गळंल. गौरीच्या मागच्या भिंतीला करते, चालंल?"

नर्मदाबाईंचं तोंड जरा उतरलं. त्यांच्या मनात लोंबत्या माळाच होत्या, ज्यांची गावभर चर्चा असायची. "भिंतीला काय दिसणार?" त्या म्हणाल्या.

"करून दाखवते. न्हाई आवडलं तर काढते."

तिनं सर लोंबते ठेवलेच नाहीत. वर आणि खाली, दोन्हीकडं खिळे मारून ताणून बांधले, इतके की बोटानं छेडले तर वाजावेत. मोकळं टोक एकही ठेवलं नाही. त्यावर पानांची आणि मोगऱ्याची नक्षी भरली, मधे मोर केला. सगळं झाल्यावर तिनं पंखा पूर्ण जोरात चालवायला सांगितला आणि स्वतः खाली बसून एकेका सराकडं बघत राहिली. काही हललं नाही. एका कोपऱ्यात एक पान फडफडलं, ते तिनं काढून टाकलं.

दुपारी बायका आल्या. कैरीची डाळ आणि पन्हं फिरलं. भिंतीवरचा मोर बघून एकीनं विचारलं, "कुणी केलं हे?"

नर्मदाबाई म्हणाल्या, "आमच्या कडूबाईनं."

कडूबाई दाराजवळ, नेहमीच्या जागी, मागं बसली होती. नर्मदाबाईंनी तिला हळदीकुंकवाला पुढं बोलावलं. ती उठली, पदर सावरला आणि बायकांच्या मधून वाट काढत गौरीपुढं आली.