घड्याळावरचा रुमाल

अम्मानमधली गुसून पस्तिशीची, पण वेळेचं भान तिला राहत नसे; रोज सकाळी पलंगाच्या कडेला अडकून बसायची. "तयार हो" म्हटलं की तिला डोंगर दिसे. मी तिची मदतनीस, म्हणून मी कामाचे तुकडे पाडले: आधी फक्त मोजे, मग फक्त बूट. समोर तांबड्या चकतीचं घड्याळ ठेवलं. वेळ सरेल तशी तांबडी फाक बारीक होत जाई. शिवणकारखान्यात आणखी एकदा उशीर झाला, तर तिची नोकरी जाणार होती.

आज पोचले तर ती एकाच मोज्यात बसलेली. शेजारीण कॉफीला आली, म्हणून गुसूनच्या आईने घड्याळावर क्रोशाचा रुमाल टाकला होता.

"खाला, हे काय केलंत?" मी तिच्या आईला विचारलं.

"पाहुण्यांपुढे असलं खेळणं? लोक म्हणतील, पोरगी अजून बाळच आहे!"

"म्हणू देत! दिसेनासं झालं की तिच्यासाठी वेळच नाहीसा होतो."

मी रुमाल ओढला. तांबडं सगळं संपलं होतं.

"गेली ना नोकरी?" गुसून पुटपुटली.

"ते नंतर. आता फक्त दुसरा मोजा."

शेजारणीच्या डोळ्यांदेखत मी नवी फाक लावली. गुसूनने मोजा चढवला, मग बूट. खाली उतरलो तेव्हा बस गेली होती.

"उद्या नाही झाकणार," आई वरून ओरडली.

उद्या जायला नोकरी होती का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.