निर्णय क्रमांक सतरा

आमची सकाळची बैठक उभ्यानं व्हायची. भोरमध्ये औषधांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय एवढं सांगून पंधरा मिनिटांत मोकळं व्हायचं. दर दुसऱ्या सोमवारी मात्र खुर्च्या ओढून पंधरवड्याचं नियोजन चाले. वेल्ह्याकडच्या डोंगरवाड्यांतल्या शेळ्यामेंढ्यांना लस दिली की मोबाईलवर नोंद व्हावी, असं ॲप आम्ही एका संस्थेसाठी करत होतो. आम्ही तिघंच. आमची प्रमुख, जिला आम्ही ताई म्हणायचो, ती पुण्यातली नोकरी सोडून आलेली. दुसरा किकवीहून रोज मोटारसायकलवर येणारा, प्रोग्रॅम लिहिणारा. आणि तिसरी मी, उत्रोलीची, तपासणी करणारी. वाडीवर प्रत्यक्ष लस टोचणाऱ्या मावशी फोनवरून बैठकीत यायच्या. पानशेतच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. रेंज मिळावी म्हणून त्या टेकाडावरच्या एका दगडावर उभ्या राहायच्या. आमच्यात खऱ्या अर्थानं उभी बैठक करणारं माणूस तेच.

पाच महिन्यांनी ताईच्या लक्षात आलं की आपण काय काय ठरवलं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. बैठकांची रेकॉर्डिंग होती, माझ्या वहीत टिपणं होती. त्यातून निर्णयनोंद काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक निर्णयाला क्रमांक, तारीख, प्रश्न काय होता, कोणते पर्याय होते, काय ठरलं, का ठरलं, कोण हजर होतं, त्यांची संमती होती का, आणि तो अजून लागू आहे की नाही.

ते पंधरा दिवस मला अजून धुक्यातून चालल्यासारखे आठवतात. दुपारी खिडकीशी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि गेलेल्या महिन्यांत उतरायचं. आवाज यायचे, पण ते कुठल्या महिन्यातले हे कळायचं नाही. मागं पंख्याची घरघर असली की उन्हाळा, पत्र्यावरची सर असली की आषाढ. एकाच गोष्टीवर चारदा बोलणं झालेलं असायचं, दोनदा उलटसुलट ठरलेलं असायचं. निर्णय कधी वाजतगाजत येत नाही. कुणीतरी चहा पिता पिता म्हणतो, मग तसंच ठेवू. तेच वाक्य मी शोधत बसायची. संध्याकाळी हेडफोन काढला तरी खाली रस्त्यावरची माणसं मला मागच्याच कुठल्यातरी बैठकीतून बोलतायत असं वाटायचं. भाताच्या खाचरांच्या कडेनं घरी जाताना माझ्या डोक्यात मावशींच्या फोनमधला वारा वाहत असायचा.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडिलांनी आयुष्यभर सभा केल्या, ठराव लिहिले. वाचायला मी शिकले तेही पत्रकांवरच. त्यामुळे माझा हात वळला तो ठरावाकडे. सतरावा निर्णय मी असा लिहिला: ‘जनावराची ओळख कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकानेच होईल. क्रमांकाशिवाय नोंद साठवता येणार नाही. सर्वानुमते मंजूर.’ पर्यायांची ओळ मी रिकामी ठेवली. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

संस्थेला नोंद गेली, ॲपही गेलं. दोन महिन्यांनी संस्थेच्या साहेबांचा फोन आला. मावशींच्या मोबाईलवरून एका शेळीला एकाच दिवशी पाच वेळा लस दिल्याची नोंद होती. असं बऱ्याच ठिकाणी होतं. साहेबांचं म्हणणं, बाई घरी बसून आकडे भरतायत. पुढच्या महिन्यापासून त्यांचं काम दुसऱ्याला देऊ. बिल्ला पडला असला तर बोलायचं होतं, तुमच्याच नोंदीत त्यांची संमती आहे.

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सोमवारचं नियोजन. ताई म्हणते, क्रमांक नसला तर एकच जनावर नोंदीत दोनदा चढेल, म्हणून बिल्ला पाहिजेच. मग वारा. मग मावशी: “बिल्ला ऱ्हात न्हाई ओ. करवंदीत कान आडाकला की—” आणि फोन कटतो. किकवीवाला म्हणतो, गेली रेंज, मग तसंच ठेवू.

एवढंच. तुटलेल्या फोनला मी संमती समजले होते. सभेत कोण गप्प आहे आणि कोणाचं तोंड दाबलंय, यातला फरक ज्या घरात रोज सांगितला जायचा, त्या घरातली मी.

मावशींना फोन केला तेव्हा त्या रागावल्या नाहीत, याचाच मला त्रास झाला. बिल्ल्याशिवाय ॲप पुढं जाऊ देत नव्हतं, म्हणून एका मालकाच्या पाच शेळ्या असल्या आणि एकीच्याच कानात बिल्ला उरला असला, तर त्या तोच क्रमांक पाचदा घालत. लस खरी दिली होती, तर नोंद पण झाली पाहिजे, एवढा साधा विचार.

मी ताईला म्हणाले, सतरा क्रमांक पुसते आणि नीट लिहिते. ताईनं लॅपटॉप माझ्यापासून बाजूला सरकवला. ती म्हणाली, “पुसलंस तर तू चुकली होतीस हेही पुसलं जाईल. मग मावशी का अडकल्या, हे साहेबांना कशावरून कळणार?” जुनी नोंद तशीच राहते, तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा येतो आणि नव्या नोंदीचा क्रमांक. नियम मला पाठ होता. त्याचा चटका तेव्हा बसला.

किकवीवाला म्हणाला, चुकीला क्रमांक मिळाला म्हणजे आता पेढे द्यायला पाहिजेत. कुणी हसलं नाही, मग तोही नाही.

एकतिसावा निर्णय लिहायला मला पूर्ण दुपार लागली. बिल्ला नसेल तर ॲप तात्पुरता क्रमांक देईल. मालक, रंग, खुणा आणि फोटो घ्यायचा. नवा बिल्ला मारला की दोन्ही क्रमांक जोडायचे. धोका: एकच जनावर दोनदा चढू शकतं, फोटो ताडून पाहावे लागतील. खाली लिहिलं: सतराव्या निर्णयात ‘सर्वानुमते’ हा शब्द चुकीचा होता. मावशींनी हरकत घेतली होती, बोलणं तुटलं, ते नोंद करणारीनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत साहेब फोनवर आले, मावशीही. मी नोंद वाचली. साहेबांनी मावशींना विचारलं, त्या पाच शेळ्या कुठल्या? मावशींनी एकामागून एक सांगितल्या. करडी, फाटक्या कानाची, एका शिंगाची, पांढऱ्या पायांची गाभण, आणि बिल्लावाली. साहेबांनी लसीच्या कुप्यांचं रजिस्टर काढलं. त्या दिवशी जेवढी लस वापरली गेली ती पाचांनाच पुरणारी होती. ते म्हणाले, काम चालू ठेवा, बाकीच्या नोंदी मी कुप्यांशी ताडून घेतो.

मला वाटलं, झालं. हजर असलेल्यांची संमती भरायची ओळ तेवढी उरली होती. मी विचारलं, “मावशी, तुमची संमती लिहू ना?”

फोनमध्ये वारा होता. फोन कटलाय का, हे मी या वेळी पडद्यावर पाहिलं. चालू होता.

“इतक्यात नगं, पोरी,” त्या म्हणाल्या. “आधी दोन वाड्या फिरून बगते. मग सांगते.”

साहेब खाकरले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी एकतिसाव्या निर्णयापुढे ‘प्रस्तावित’ लिहिलं, आणि संमतीच्या ओळीत त्यांचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत.